पंधरा टक्के कशाचे?

मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की मुंबईतल्या विमा कंपन्यांच्या आग विभागात दिवे उशिरापर्यंत चालू राहतात. कारखान्यांच्या पुष्कळशा पॉलिसी १ एप्रिलला नव्या होतात. कारखाना मोठा असेल तर त्याच्या पॉलिसीवर सही करण्याआधी विमा कंपनीला एक काम उरकावं लागतं. तिला स्वतःसाठी विमा शोधावा लागतो. म्हणजे आपण घेतलेल्या जोखमीचा मोठा हिस्सा दुसऱ्या कंपन्यांच्या गळी उतरवावा लागतो. या व्यवहाराला पुनर्विमा म्हणतात आणि त्याची सुरुवात एका मेलने होते.

दीड-दोन पानांच्या या मेलमध्ये आर्जव फारसं नसतं. हा कारखाना असा आहे, आम्ही त्याच्या मालकाला हे वचन देणार आहोत, त्यातला एवढा भाग तुम्ही घ्या आणि या अटींवर घ्या, इतकंच त्यात असतं. पण त्यातला एखादा शब्द सैल राहिला, तर त्याची किंमत कारखाना जळाल्यावर कळते. म्हणूनच हा मेल ओळीओळीने वाचण्यासारखा आहे.

आपण एक काल्पनिक कारखाना घेऊ. कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत औषधांसाठी लागणारी रसायनं बनवणारा. इमारती, यंत्रं आणि माल मिळून १२०० कोटी रुपये, आणि कारखाना बंद पडला तर वर्षभरात बुडणारा नफा ३०० कोटी. विम्याची एकूण रक्कम झाली १५०० कोटी. आपली विमा कंपनी मध्यम आकाराची आहे आणि एका कारखान्यावर स्वतःच्या खिशातून ९० कोटींपेक्षा जास्त धोका पत्करायचा नाही, हा तिचा नियम आहे. विम्याच्या धंद्यात या ९० कोटींना रिटेन्शन म्हणतात. १५०० कोटींचे ते ६ टक्के होतात.

उरलेलं कुठे जातं? भारतातल्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला आपल्या धंद्याचा ठरावीक भाग जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीला द्यावाच लागतो. अलीकडच्या वर्षांत हा भाग ४ टक्के आहे. म्हणजे ६० कोटी तिकडे गेले. त्यानंतर येते ट्रीटी. पुनर्विमा कंपन्यांशी वर्षाच्या सुरुवातीलाच केलेला हा घाऊक करार. तुम्ही जितकं स्वतःकडे ठेवाल त्याच्या पाचपट आम्ही घेऊ, प्रत्येक कारखान्याची चौकशी करत बसणार नाही, असं त्यात ठरलेलं असतं. ९० कोटींची पाचपट ४५० कोटी, म्हणजे ३० टक्के. सहा, चार आणि तीस मिळून चाळीस झाले. साठ टक्के, म्हणजे ९०० कोटी, अजून हवेतच आहेत.

या साठ टक्क्यांसाठी ‘फॅक’ करावं लागतं. पूर्ण शब्द फॅक्युल्टेटिव्ह, म्हणजे ऐच्छिक. ट्रीटीत पुनर्विमा कंपनी आधीच बांधलेली असते. फॅकमध्ये ती हा एकच कारखाना समोर घेते आणि हो म्हणायचं की नाही, किती घ्यायचं, कोणत्या अटीवर घ्यायचं, हे स्वतंत्रपणे ठरवते. जोखीम देणाऱ्या विमा कंपनीला इथे सीडंट म्हणतात. कुणाकडे आधी जायचं याचाही क्रम नियामकाने आखून दिला आहे आणि देशातल्या पुनर्विमा कंपनीला त्यात अग्रस्थान आहे. म्युनिक री, स्विस री, हॅनोव्हर री, स्कोर अशा परदेशी कंपन्यांच्या शाखा मुंबईतच असल्याने पुष्कळसे मेल शहराच्या बाहेरही जात नाहीत.

प्रत्यक्षात मेल इंग्रजीत लिहिला जातो. मराठीत उतरवला तर तो साधारण असा दिसेल:

विषय: फॅक्युल्टेटिव्ह प्रस्ताव, रसायन कारखाना, कोकण, आरंभ १ एप्रिल, उत्तर २२ मार्चपर्यंत अपेक्षित

नमस्कार,

वरील कारखान्याच्या इंडस्ट्रियल ऑल रिस्क पॉलिसीसाठी आपला सहभाग हवा आहे. तपशील असा:

१. मुदत: १ एप्रिलच्या ००.०० वाजल्यापासून १२ महिने.

२. विमा रक्कम: मालमत्ता १२०० कोटी, नफ्याची हानी ३०० कोटी (भरपाईचा काळ १२ महिने), एकूण १५०० कोटी रुपये.

३. फॅकद्वारे द्यायचा भाग: एकूण जोखमीच्या ६० टक्के. आपल्याकडून अपेक्षित: एकूण १०० टक्के जोखमीच्या १५ टक्के, म्हणजे २२५ कोटी रुपये. आमचा स्वतःचा निव्वळ हिस्सा ६ टक्के असून तो मुदतभर कमी केला जाणार नाही.

४. दर: हजारी १.२० रुपये. १०० टक्क्यांचा प्रीमियम १.८० कोटी. कमिशन: १२.५ टक्के.

५. विमाधारकाने स्वतः सोसायचा भाग: मालमत्तेच्या नुकसानीत दाव्याच्या ५ टक्के, किमान ५० लाख, नफ्याच्या हानीत पहिले १४ दिवस.

६. अटी व शब्दरचना: मूळ पॉलिसीप्रमाणेच, प्रत सोबत आहे. दहशतवादाचा धोका या प्रस्तावात नाही. तो भारतीय दहशतवाद पूलकडे जाईल.

७. दावे: मूळ पॉलिसीच्या कक्षेत, प्रामाणिकपणे आणि व्यावसायिक रीतीने आम्ही केलेली तडजोड आपल्यावर बंधनकारक. ५ कोटींवरील दाव्याची सूचना ७ दिवसांत देऊ. आपला हिस्सा ५ कोटींच्या वर गेल्यास मागणीपासून १५ दिवसांत रोख भरणा अपेक्षित.

८. प्रीमियम आरंभापासून ६० दिवसांत. कायदा भारतीय, न्यायक्षेत्र मुंबई.

९. संभाव्य कमाल नुकसान: ५२५ कोटी (३५ टक्के). आधार: सॉल्व्हंट साठ्यातून गळती होऊन वाफेच्या ढगाचा स्फोट. अभ्यास अहवाल सोबत.

१०. पूर्वीचे दावे: जुलै २०२१, पुराचे पाणी गोदामात, २.१ कोटी. त्यानंतर जोते एक मीटरने उंच केले. २०२३, रिअॅक्टरजवळ किरकोळ आग, ६० लाख. पाहणी अहवालातील सात शिफारशींपैकी पाच पूर्ण. सॉल्व्हंट टाक्यांवरील फोमची व्यवस्था आणि एका पंपाला डिझेल इंजिन, या दोन बाकी.

आपला हिस्सा टक्क्यांत आणि रुपयांत, दोन्ही प्रकारे लिहून कळवावा. लेखी होकार येईपर्यंत आम्ही आपला सहभाग गृहीत धरणार नाही.

मेल इथे संपतो. त्यातला सगळ्यात निरुपद्रवी दिसणारा आकडा तिसऱ्या कलमात आहे. पंधरा टक्के.

समजा, मेलमध्ये फक्त ‘आपल्याकडून १५ टक्के अपेक्षित’ एवढंच लिहिलं असतं. पुनर्विमा कंपनीतला अधिकारी वाचतो: फॅकला ६० टक्के आलेत, त्यातले १५ टक्के आपले. तो ‘१५ टक्के मान्य’ असं उत्तर धाडतो. साठच्या पंधरा टक्के म्हणजे पूर्ण जोखमीच्या फक्त ९ टक्के. सीडंटच्या नोंदीत २२५ कोटी, त्याच्या नोंदीत १३५ कोटी. दोघांच्या फायलींत ‘१५ टक्के’ हेच लिहिलेलं, दोघंही प्रामाणिक. मधले ९० कोटी मात्र कुणाचेच नाहीत, म्हणजे अर्थात सीडंटचे.

आता आग लागली आणि विमाधारकाचा वाटा वजा जाऊन २०० कोटी द्यायचे ठरले, असं धरू. जीआयसी रीचे सक्तीचे ४ टक्के म्हणजे ८ कोटी. ट्रीटीतून ६० कोटी. फॅकमधल्या सगळ्या कंपन्या मिळून १२० कोटी. त्यांतले ३० कोटी आपल्या या कंपनीकडून यायला हवेत. सीडंटच्या खिशातून जायला हवेत १२ कोटी. पण पुनर्विमा कंपनी म्हणते, आमचे नऊ टक्के, आम्ही १८ कोटी देऊ. राहिलेले १२ कोटी सीडंटला भरावे लागतात आणि तिचं नुकसान १२ वरून २४ कोटींवर जातं. ६ टक्क्यांपलीकडे जायचं नाही, असं ठरवलेली कंपनी एका वाक्याच्या आळसाने १२ टक्क्यांवर जाऊन बसते. म्हणून मेलमध्ये ‘एकूण १०० टक्के जोखमीच्या’ हे शब्द हवेत, पुढे रुपये हवेत आणि उत्तरातही दोन्ही मागायला हवेत. टक्क्याचा अर्थ दोघांनी वेगवेगळा लावला असेल, तर रुपयांचा आकडा लगेच चुगली करतो.

याच कलमातलं शेवटचं वाक्यही सहज लिहिलेलं नाही. ‘आमचा ६ टक्के हिस्सा कमी केला जाणार नाही’ असं समोरच्याला वाचायचं असतं. जो स्वतः पंगतीला बसत नाही त्याने वाढलेलं कोण खाणार? सीडंटने सगळीच जोखीम बाहेर दिली, तर कारखान्याची पाहणी काळजीने करण्याचं तिला कारण उरत नाही, हे पुनर्विमा कंपनी अनुभवाने जाणते.

आता नववं कलम. विमा रक्कम १५०० कोटी असली तरी एका आगीत एवढा पसरलेला कारखाना सगळाच्या सगळा जाईल, असं सहसा होत नाही. मग वाईटात वाईट, पण संभवणारी घटना कोणती आणि तिच्यात किती जाईल? या अंदाजाला पीएमएल म्हणतात. रसायन कारखान्यांच्या बाबतीत हा अंदाज बांधण्याची रीत ज्या अपघातांनी बदलली, त्यांत इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोचं नाव पहिल्यांदा येतं. १ जून १९७४ रोजी तिथल्या कारखान्यात दोन रिअॅक्टरांना जोडणारा तात्पुरता पाइप निखळला, सायक्लोहेक्झेनची वाफ ढगासारखी पसरली आणि पेटली. २८ माणसं गेली आणि कारखाना जवळजवळ जमीनदोस्त झाला. आग एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाईल का, मधली भिंत किती जाड, एवढ्याच हिशेबाने या कारखान्याकडे पाहणं पुरेसं नव्हतं, हे त्या शनिवारी दिसलं. वाफेचा ढग भिंतीपाशी थांबत नाही. तेव्हापासून असा अभ्यास करणारे विचारतात: कोणतं द्रव, किती टन, किती दाबाखाली, आणि स्फोटाच्या टप्प्यात काय काय येतं?

पुनर्विमा कंपनी म्हणूनच ५२५ कोटींपेक्षा त्यामागचा ‘आधार’ आधी वाचते. तिचा हिस्सा कागदावर २२५ कोटी आहे, पण मनात ती ५२५ च्या पंधरा टक्क्यांचा, म्हणजे सुमारे ७९ कोटींचा हिशेब करत असते. सीडंटने आधार न सांगता नुसते ३५ टक्के लिहिले, तर आकडा प्रीमियम कमी दिसावा म्हणून उतरवला असावा, अशी शंका येते. ती अनेकदा खरीही असते. जाणकाराला ते ओळखायला फार वेळ लागत नाही. जोडलेल्या नकाशात सॉल्व्हंटच्या टाक्या मुख्य उत्पादन इमारतीपासून वीस मीटरवर आहेत आणि पीएमएलमध्ये ती इमारत धरलेलीच नाही, एवढं दिसलं तरी पुरतं.

दहाव्या कलमात सीडंट आपल्याच मालाची वैगुण्यं सांगते आहे. पूर येऊन गेला, आग लागली होती, दोन शिफारशी अपुऱ्या आहेत. बाजारात उभं राहून असं कोण सांगतं? पण विम्याच्या कायद्यात सीडंटवर हे बंधन आहे. पुनर्विमा कंपनीच्या निर्णयावर परिणाम करील अशी, आपल्याला माहीत असलेली प्रत्येक गोष्ट तिला न विचारता सांगायची. लपवलेली गोष्ट नंतर उघडी पडली तर करारच रद्द ठरू शकतो, मग आग त्या गोष्टीमुळे लागलेली असो वा नसो. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली होते, हे मुंबईतल्या प्रत्येक पुनर्विमा अधिकाऱ्याला ठाऊक आहे. कोकणातल्या नदीकाठच्या कारखान्याच्या प्रस्तावात पुराचा उल्लेखच नसेल, तर तो बाकीच्या ओळींवरही विश्वास ठेवत नाही. सांगितलेला दावा फार तर दर वाढवतो, न सांगितलेला दावा पूर्ण संरक्षण घालवतो.

सहावं कलम एका ओळीचं आहे: ‘मूळ पॉलिसीप्रमाणेच’. या ओळीमागे नॉर्वेतल्या एका मत्स्यशेतीची गोष्ट उभी आहे. तिचा विमा व्हेस्टा नावाच्या नॉर्वेजियन कंपनीने उतरवला होता आणि नव्वद टक्के जोखीम लंडनच्या पुनर्विमा बाजारात दिली होती. पॉलिसीत अट होती की तिथे चोवीस तास पहारा हवा. शेतमालकाने सांगितलं, असा पहारा मला शक्य नाही. व्हेस्टाने ते लंडनमधल्या दलालाला फोनवरून कळवलं आणि तिथेच ते राहिलं. पुढे वादळ आलं, मासे गेले. पहारा असता तरी वादळ थांबलं नसतं, म्हणून नॉर्वेच्या कायद्याप्रमाणे विमा देणं भागच होतं आणि व्हेस्टाने पैसे दिले. लंडनकर मात्र म्हणाले, आमच्या कायद्यात वॉरंटी मोडली की करार संपला, कारण कोणतंही असो. १९८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की दोन्ही करारांत तीच अट असेल तर तिचा अर्थही तोच घ्यायचा, म्हणजे नॉर्वेत होता तो. व्हेस्टा जिंकली. ब्रिटनने २०१५ च्या कायद्याने वॉरंटीचा तो कठोर नियमही सौम्य केला.

पण सीडंटने यातून घ्यायचा धडा ‘शेवटी न्याय मिळतो’ असा नाही. एक अट दोन देशांच्या कायद्यांत दोन अर्थांनी वाचली जाऊ शकते आणि फोनवर सांगितलेली गोष्ट वाटेत हरवू शकते, हा धडा आहे. म्हणून पॉलिसीची प्रत मेलला जोडायची, आठव्या कलमात कायदा आणि न्यायक्षेत्र लिहायचं, आणि फोनवर काही ठरलंच तर त्याच संध्याकाळी मेलने पक्कं करायचं.

उत्तर येतं तेव्हा सातवं कलम बहुधा परत फिरतं. ‘तुम्ही केलेली तडजोड आम्हाला बंधनकारक’ हे पुनर्विमा कंपनीला नेहमीच रुचत नाही. ती लिहिते: मान्य, मात्र आमच्या संमतीशिवाय कोणताही दावा निकाली काढू नये. वाचताना ही दोन वाक्यं सहज शेजारी नांदतील असं वाटतं. लायबेरियातल्या मनरोव्हिया शहरातल्या एका गोदामाच्या आगीने ते खोटं ठरवलं. तिथल्या विमा कंपनीने ९८ टक्के जोखीम पुनर्विम्यात दिली होती आणि करारात ही दोन्ही वाक्यं होती. पुनर्विमा कंपनीला आग मुद्दाम लावल्याचा संशय होता आणि तिने संमती दिली नाही. १९८५ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने सांगितलं की संमतीची अट असेल, तर ‘तुमच्यामागे आम्ही येऊ’ या वचनातला जीवच जातो. त्या प्रकरणात लायबेरियाच्या कोर्टाने विमा कंपनीविरुद्ध निकाल दिलेला असल्यामुळे दाव्याची मूळ रक्कम पुनर्विमा कंपनीला भरावी लागली. पण कोर्टात न जाता सामोपचाराने तडजोड केली असती, तर सीडंट उघडी पडली असती.

म्हणून आपल्या मेलमधली सीडंट असं उत्तर आल्यावर मधला मार्ग सुचवते. ५ कोटींवरच्या दाव्यात सर्वेअर नेमताना तुमचं मत घेऊ, प्रत्येक अहवाल तुम्हाला पाठवू, पण निर्णय आमचा राहील. त्याला सहकार्याचं कलम म्हणतात. पुनर्विमा कंपनीला डोळे मिळतात, हात सीडंटचेच राहतात.

दुसरी ठरलेली दुरुस्ती असते ती शिफारशींची: ‘१५ टक्के, २२५ कोटी मान्य, फोमची व्यवस्था ९० दिवसांत पूर्ण होण्याच्या अधीन.’ मागणी रास्त आहे. पण ही अट सीडंट आणि पुनर्विमा कंपनी यांच्यात झाली, कारखानदाराला तिचा पत्ताच नाही. त्याच्या पॉलिसीत ती नसेल, तर एक्क्याण्णवाव्या दिवशी लागलेल्या आगीत सीडंटला पैसे द्यावे लागतील आणि मागे वळून पाहावं तर पुनर्विमा कंपनी जागेवर नसेल. इथे दोनच रस्ते आहेत. तीच अट त्याच शब्दांत आणि त्याच मुदतीने मूळ पॉलिसीत घालायची, किंवा पुनर्विमा कंपनीकडून ती सौम्य करून घ्यायची. ‘फोम बसला नाही तर करार संपेल’ याऐवजी ‘फोम बसला नाही तर ३० दिवसांची सूचना देऊन अटी बदलता येतील’ इतपत तरी. वाईट बातमी असलीच तर ती आगीच्या आधी आणि लेखी मिळावी, हाच उद्देश.

मार्चअखेरीस सगळी उत्तरं एकत्र होतात. मिळालेले हिस्से ७५ टक्के भरले तर आनंदच. साठच हवे असल्याने प्रत्येकाचा हिस्सा त्याच प्रमाणात कमी होतो आणि आपल्या पंधराचे बारा होतात. तेही नव्याने टक्क्यांत आणि रुपयांत कळवावं लागतं. पण ५२ टक्केच जमले, तर ८ टक्के, म्हणजे १२० कोटी, उघडे राहतात. ते सीडंटच्या ९० कोटींवर चढले की तिच्या डोक्यावर २१० कोटी होतात. कारखानदाराला होकार आधी देऊन फॅक मागाहून शोधणाऱ्या कंपन्या याच खड्ड्यात पडतात.

३१ मार्चला आग विभागात शेवटचं काम असतं दोन कागद शेजारी ठेवण्याचं. एकीकडे कारखानदाराला जाणारी पॉलिसी, दुसरीकडे पुनर्विम्याच्या सह्या झालेल्या स्लिपा. एक जण पॉलिसीतली ओळ मोठ्याने वाचतो, दुसरा स्लिपवर बोट ठेवतो. मुदत, रक्कम, सोसायचा भाग, फोम, दावे. वाचता वाचता तो हिश्शापाशी येतो आणि पहिला विचारतो, “बारा टक्के, कशाचे?”

“शंभरचे. एकशेऐंशी कोटी.”

मग ते पुढच्या ओळीवर जातात.